मोलच्या गणितांसाठी सरांना पत्र: काय तपासावं, काय मागावं, कसं लिहावं

अकरावी सायन्सची पहिली घटक चाचणी झाली की आम्हा रसायनशास्त्र शिकवणाऱ्यांकडे पालकांचे निरोप यायला लागतात. चोपडा-अमळनेरकडचे वडील फोनवर सरळ अहिराणीत सांगतात, "सर, पोरले केमिस्ट्री समजी नही राह्यनी, जरा ध्यान द्या." काळजी खरी असते. पण या निरोपावरून कामाला सुरुवात कुठून करायची ते शिक्षकाला कळत नाही. वर्गात सत्तर-ऐंशी मुलं, आठवड्याचे तास ठरलेले, आणि "केमिस्ट्री" म्हणजे तर अख्खं पुस्तक. उलट "ग्रॅमवरून मोल काढता येतात, पण समीकरण आलं की अडते" असं एका ओळीत कळलं तर पहिल्याच भेटीत दहा मिनिटांत काम सुरू होतं. त्या ओळीपर्यंत पालकाने कसं पोचायचं आणि मग पत्र कसं लिहायचं, ते इथे क्रमाने सांगतो. पालकाला स्वतःला रसायनशास्त्र यायची गरज नाही.

आधी घरी एक कागद

डझन म्हणजे बारा, तसा मोल म्हणजे अणू-रेणू मोजायचा एक ठरलेला, फार मोठा आकडा. हा एकच धडा दिसत असला तरी त्यात चार वेगवेगळी कामं असतात. पहिलं, सूत्रावरून रेणुवस्तुमान काढणं. दुसरं, ग्रॅमचे मोल करणं. तिसरं, मोलवरून कणांची संख्या काढणं, म्हणजे अ‍ॅव्होगॅड्रो अंकाने गुणणं. चौथं, संतुलित समीकरणावरून एका पदार्थाच्या मोलवरून दुसऱ्याचे मोल काढणं. बहुतेक मुलं या चारपैकी एकाच ठिकाणी अडतात, आणि पुढचं सगळं त्यावर उभं असल्यामुळे "काहीच येत नाही" असं वाटायला लागतं.

म्हणून पत्राला हात लावण्याआधी मुलाला किंवा मुलीला कोरा कागद द्या आणि ही चार गणितं पेनाने सोडवायला सांगा. पुस्तक बंद, खाडाखोड केली तरी चालेल, पण प्रत्येक पायरी कागदावर हवी. हायड्रोजनचं अणुवस्तुमान १ आणि ऑक्सिजनचं १६ हे सांगून टाका, अ‍ॅव्होगॅड्रो अंकही 6.022 × 10²³ असा देऊन टाका. पाठांतर आपल्याला तपासायचंच नाही.

१. पाण्याचं (H₂O) रेणुवस्तुमान किती?
२. ९ ग्रॅम पाणी म्हणजे किती मोल?
३. त्या ९ ग्रॅम पाण्यात रेणू किती आणि एकूण अणू किती?
४. 2H₂ + O₂ → 2H₂O. ४ ग्रॅम हायड्रोजन पूर्ण जाळायला किती ग्रॅम ऑक्सिजन लागेल?

उत्तरं अशी: १८, ०.५ मोल, 3.011 × 10²³ रेणू आणि त्याच्या तिप्पट, म्हणजे 9.033 × 10²³ अणू. आणि ३२ ग्रॅम.

आता चुकलेलं उत्तर नीट वाचा, कारण चूक कुठे आहे ते उत्तराचा आकडाच सांगतो. दुसऱ्या गणितात ०.५ ऐवजी २ आलं असेल तर भागाकार उलटा झालाय, ९ ला १८ ने भागायच्या ऐवजी १८ ला ९ ने भागलंय. १६२ आलं असेल तर भागण्याऐवजी गुणलंय. या दोन्हींत मुलाला मोल कळत नाही असं नसतं. सूत्र पाठ केलंय, पण १८ ग्रॅमचा एक मोल, तर ९ ग्रॅमचा एकापेक्षा कमीच असणार, हा अंदाज आधी बांधायची सवय नाही. तिसऱ्यात रेणू बरोबर आणि अणूही तेवढेच लिहिले असतील, तर 'कोणते कण मोजायचे' इथे अडचण आहे. आणि ०.५ ने गुणताना 10²³ मधला २३ च निम्मा केला असेल, तर तो प्रश्न रसायनशास्त्राचा नाही, घातांकाचा आहे. तो गणिताच्या शिक्षकांकडे किंवा घरातल्या मोठ्या भावंडाकडेही सुटतो.

चौथं गणित मला सगळ्यात जास्त काही सांगतं. उत्तर २ ग्रॅम आलं, तर समीकरणातले २ आणि १ हे अंक मुलाने ग्रॅमचं प्रमाण म्हणून वाचलेत: दोनास एक, म्हणून चाराला दोन. ही चूक सगळ्यात जास्त दिसते. हे अंक मोलचे आहेत, ग्रॅमचे नाहीत, एवढंच सांगायचं राहिलेलं असतं, पण ते न सांगता गेलं तर वर्षभर नडतं. उत्तर १६ आलं, तर मोलचं प्रमाण बरोबर पकडलंय, पण ऑक्सिजनचा रेणू दोन अणूंचा असतो हे सुटलंय. ६४ आलं, तर तीच चूक हायड्रोजनच्या बाजूला झाली: १ ग्रॅमचा एक मोल धरला, ४ ग्रॅमचे चार मोल झाले, त्यांना ऑक्सिजनचे दोन मोल लागले.

आणि इथे एक फसगत आहे, जिच्यामुळे मी पायऱ्यांचा इतका आग्रह धरतो. दोन्ही बाजूंना ही चूक केली, हायड्रोजनचा मोल १ ग्रॅमचा आणि ऑक्सिजनचा १६ ग्रॅमचा धरला, तर चार मोल हायड्रोजनला दोन मोल ऑक्सिजन, दोन गुणिले सोळा, उत्तर ३२! दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि उत्तर बरोबर येतं. नुसतं उत्तर बघून बरोबरची खूण केली तर मुलाची अडचण झाकलीच जाते. म्हणून चौथ्या गणितात '४ ग्रॅम हायड्रोजन म्हणजे २ मोल' ही ओळ लिहिलेली आहे का, तेवढं शोधा.

हा कागद जपून ठेवा. पत्रासोबत तोच जाणार आहे. घटक चाचणीची उत्तरपत्रिका घरी मिळाली असेल तर तिचंही मोलचं पान झेरॉक्स करून घ्या.

मुलाशी बोलून घ्या

पत्र पाठवणार आहात हे मुलाला आधी सांगा आणि लिहून झाल्यावर वाचून दाखवा. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला आपल्या पाठीमागे सरांना काही लिहिलेलं आवडत नाही, आणि सरांसमोर उभं राहायचंय ते त्यालाच. चौथं गणित असं का केलं हेही विचारा. "समीकरणात दोनास एक आहे ना" असं उत्तर आलं तर ते जसंच्या तसं पत्रात घाला. शिक्षकाला त्या एका वाक्यातून मूल कसं विचार करतंय ते दिसतं, गुणांवरून ते दिसत नाही.

आणखी एक गोष्ट या वेळी तपासून घ्या. आपल्याकडची बरीच मुलं दहावीपर्यंत गावातल्या मराठी माध्यमाच्या शाळेत असतात. नववीच्या विज्ञानात 'द्रव्याचे मोजमाप' या पाठात मोल एकदा होऊन गेलेला असतो. अकरावीत पुस्तक इंग्रजी, आणि रेणुवस्तुमान ओळखणारं मूल 'मोलर मास' दिसलं की थबकतं. तुमचे चार प्रश्न मराठीत बरोबर सुटले आणि कॉलेजच्या पेपरात तेच चुकले, तर अडचण भाषेची आहे आणि तसं पत्रात लिहावं. अशा मुलाला आम्ही धडा पुन्हा शिकवत नाही. वहीच्या मागच्या पानावर दहा-बारा संज्ञा दोन्ही भाषांत समोरासमोर लिहून देतो, त्यावर काम भागतं.

मागायचं काय

"जास्त लक्ष द्यावे" ही मागणी पूर्ण झाली की नाही हे कुणालाच सांगता येत नाही. शिक्षकाला करता येईल एवढी आणि संपेल अशी मागणी ठेवा: एका अडचणीवर दहा-पंधरा मिनिटं, घरी सोडवायला पाच-सहा गणितं, आणि आठवड्याने ती तपासून घेणं. कनिष्ठ महाविद्यालयात प्रॅक्टिकलच्या वेळी तुकडीचे छोटे गट पाडलेले असतात. एका मुलापाशी थांबून बोलायला आम्हाला तीच वेळ बरी पडते, म्हणून ती सुचवली तर चालते. कॉलेज सुटल्यावर थांबा म्हणणं मात्र एसटीने येणाऱ्या मुलांना परवडत नाही. गाडी चुकली तर पुढची कधी याचा भरवसा नसतो. मूल कोणत्या गाडीने येतं-जातं ते लिहून टाका, शिक्षक त्याप्रमाणे वेळ बसवतात.

फीची किंवा खाजगी शिकवणीची गोष्ट या पत्रात आणू नये. मागची शाळा, आधीचे शिक्षक, वर्गातली दुसरी मुलं यांच्याबद्दलही काही लिहू नये. त्यातून मुलाची अडचण कळायला मदत होत नाही.

पत्राला उशीर करू नका. मोल अकरावीच्या पुस्तकात अगदी सुरुवातीला येतो आणि तिथेच थांबत नाही. मर्यादाकारी अभिक्रियाकारक, द्रावणाची मोलॅरिटी, प्रयोगशाळेतलं अनुमापन, बारावीतलं द्रावणांचं प्रकरण आणि विद्युतरसायन, सगळीकडे तोच लागतो. दिवाळीनंतर आलेल्या पत्रावर आम्हाला दोन-तीन प्रकरणं एकदम मागे जावं लागतं.

पत्राचा नमुना

पत्र मराठीत लिहा. पुस्तक इंग्रजी आहे म्हणून पत्र इंग्रजीत हवं असं काही नाही. अक्षर चांगलं नसेल तर तुम्ही सांगा आणि मुलाला लिहू द्या, सही तुमची. खालचं पत्र चोपडा तालुक्यातल्या एका केळी-बागायतदार वडिलांनी लिहावं तसं मांडलंय.

> दि. २ सप्टेंबर
>
> प्रति,
> मा. रसायनशास्त्र विषय शिक्षक,
> अकरावी विज्ञान, तुकडी ब
>
> विषय : मोलच्या गणितांसाठी थोडी मदत मिळण्याबाबत
>
> आदरणीय सर,
> सादर नमस्कार.
>
> माझी मुलगी आपल्या वर्गात शिकते (हजेरी क्रमांक ३४). दहावीपर्यंत तिचे शिक्षण गावी मराठी माध्यमातून झाले. घटक चाचणीत मोलच्या गणितांत तिचे गुण गेले, म्हणून घरी तिच्याकडून चार छोटी गणिते सोडवून घेतली. तो कागद सोबत जोडला आहे.
>
> रेणुवस्तुमान काढणे आणि ग्रॅमवरून मोल काढणे तिला जमते. ९ ग्रॅम पाणी म्हणजे ०.५ मोल हे तिने बरोबर काढले. समीकरण आले की ती अडते. 2H₂ + O₂ → 2H₂O यावरून ४ ग्रॅम हायड्रोजनला २ ग्रॅम ऑक्सिजन लागतो असे तिने लिहिले. असे का, म्हणून विचारले तर "समीकरणात दोनास एक आहे" असे ती म्हणाली.
>
> आपणास विनंती की प्रॅक्टिकलच्या दिवशी किंवा आपल्या सोयीने दहा-पंधरा मिनिटे काढून समीकरणातील अंकांचा अर्थ तिला पुन्हा एकदा समजावून सांगावा आणि त्यावर पाच-सहा गणिते घरी करायला द्यावीत. ती सोडवून पुढच्या आठवड्यात आपल्याला दाखवेल. घरी ती सोडवते की नाही याकडे मी लक्ष देईन.
>
> आणखी एक शंका आहे. तिच्या क्लासच्या नोट्समध्ये १ मोल वायूचे आकारमान २२.७ लिटर दिले आहे आणि कॉलेजच्या वहीत २२.४ लिटर आहे. आपल्या परीक्षेत कोणते वापरावे ते तिला सांगावे.
>
> ती सकाळच्या एसटीने येते व दुपारी एकच्या गाडीने परत जाते. मधल्या सुट्टीत ती केव्हाही येऊ शकेल.
>
> आपला नम्र,
> (पालकाची सही, नाव, मोबाईल क्रमांक)

या पत्रात जमतं काय हे आधी आलंय आणि अडतं काय हे नंतर. हा क्रम ठेवा. जे येतं ते कळल्यामुळे शिक्षकाला पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागत नाही, आणि मुलीलाही पत्र वाचताना आपल्याला थोडं तरी येतं हे दिसतं. चुकीचं उत्तर आकड्यासकट दिलंय, कारण '२ ग्रॅम' वाचताक्षणी कोणत्याही रसायनशास्त्राच्या शिक्षकाला चूक कळते, कागद उलगडायच्याही आधी.

२२.४ आणि २२.७ चा परिच्छेद तुमच्या घरी लागू नसेल तर काढून टाका, पण मूल क्लासला जात असेल तर एकदा विचारून बघाच. दोन्ही आकडे बरोबर आहेत. ० अंश सेल्सिअस आणि १ अ‍ॅटमॉस्फिअर दाबाला एक मोल आदर्श वायू २२.४ लिटर जागा व्यापतो. त्याच तापमानाला पण १ बार दाबाला, जो थोडा कमी आहे, २२.७ लिटर. आयुपॅक या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९८२ साली प्रमाण दाब १ बार केला. एनसीईआरटीच्या पुस्तकावर चालणाऱ्या नोट्समध्ये २२.७ येतं, आणि आपल्याकडे वर्गात २२.४ ची सवय अजून आहे. मुलाला हे कुणी सांगत नाही. ते कधी हा आकडा वापरतं, कधी तो, आणि उत्तर जुळलं नाही की आपलंच चुकलं म्हणून गणित सोडून देतं. हा आकडा फक्त वायूंसाठी आहे हेही या निमित्ताने शिक्षक सांगतील. एक मोल पाणी २२.४ लिटर नसतं, ते जेमतेम १८ मिलिलिटर भरतं.

पत्र दिल्यानंतर

पत्र पाकिटात घालून मुलाच्याच हाती द्या, वर्गात सगळ्यांसमोर न देता स्टाफरूममध्ये द्यायला सांगा. आठवडाभर थांबा. शिक्षकाने वेळ दिली की नाही हे मुलाच्या वहीतून कळतं: समीकरणाच्या खाली मोल आणि त्याखाली ग्रॅम अशा दोन ओळी दिसल्या पाहिजेत. आमच्या उदाहरणात पहिल्या ओळीत २ मोल, १ मोल, २ मोल आणि दुसऱ्या ओळीत ४ ग्रॅम, ३२ ग्रॅम, ३६ ग्रॅम. या मांडणीचा पालकाला एक फायदा आहे. डावीकडच्या ग्रॅमची बेरीज उजवीकडे यायलाच हवी, कारण अभिक्रियेत वस्तुमान नाहीसं होत नाही. ४ अधिक ३२, छत्तीस. मुलीच्या आधीच्या उत्तराने ४ अधिक २, म्हणजे सहाच ग्रॅम होतात, आणि २ मोल पाणी तर ३६ ग्रॅम भरतं. ही बेरीज कुणालाही घरी तपासता येते.

दोन आठवड्यांनी पुन्हा एक गणित द्या, पण तेच देऊ नका. पाण्याचं उत्तर एव्हाना पाठ झालेलं असतं. खळ्यात युरियाची गोणी असेलच, ४५ किलोची. युरियाचं सूत्र CO(NH₂)₂. कार्बन १२, ऑक्सिजन १६, नायट्रोजन १४, हायड्रोजन १, एवढं देऊन विचारा: एका गोणीत युरियाचे मोल किती आणि नायट्रोजन किती किलो?

रेणुवस्तुमान १२ + १६ + २८ + ४ = ६०. गोणी ४५ किलो म्हणजे ४५,००० ग्रॅम, भागिले ६०, म्हणजे ७५० मोल. प्रत्येक रेणूत नायट्रोजनचे दोन अणू, म्हणून नायट्रोजन अणूंचे १५०० मोल. गुणिले १४, म्हणजे २१,००० ग्रॅम, २१ किलो. आता गोणीवर छापलेलं बघा: नायट्रोजन ४६ टक्के. ४५ किलोचे ४६ टक्के २०.७ किलो होतात. शुद्ध युरियात सूत्राप्रमाणे ४६.६७ टक्के नायट्रोजन असतो, आणि गोणीतलं खत अगदी शंभर टक्के शुद्ध नसतं, थोडा ओलावा असतो. म्हणून छापलेला आकडा किंचित कमी. मुलाचं उत्तर २१ च्या आसपास आलं तर काम झालं. १०.५ आलं तर रेणूतला दुसरा नायट्रोजन सुटलाय. ०.०२१ आलं तर किलोचे ग्रॅम करायचे राहिले.

या गणितात समीकरण नाही, हे लक्षात ठेवा. ज्या मुलाची अडचण चौथ्या गणितात होती त्याच्यासाठी युरिया पुरेसा नाही, त्याला शिक्षकांनी दिलेल्यांपैकी एखादं समीकरणाचं गणित आकडे बदलून द्या. हायड्रोजन ४ ऐवजी १० ग्रॅम घेतला तर ऑक्सिजन ८० ग्रॅम लागतो आणि पाणी ९० ग्रॅम होतं.

हे सुटलं तर शिक्षकांना एक ओळ कळवा, म्हणजे ते पुढे मर्यादाकारी अभिक्रियाकारकाकडे नेतील. सुटलं नाही तर दुसरं पत्र लिहा, पहिल्यापेक्षाही छोटं: काय सांगून झालं, आता उत्तर काय येतंय, आणि सोबत नवा कागद. अशा वेळी बहुधा असं दिसतं की मुलाला समीकरण संतुलितच करता येत नाही. दिलेल्या संतुलित समीकरणावर गणित सुटतं, पण H₂ + O₂ → H₂O एवढंच दिलं की पुढे जात नाही. तसं असेल तर मदत मोलसाठी न मागता समीकरणं संतुलित करण्यासाठी मागा. तो भाग दहावीच्या पुस्तकातला आहे, आणि आठ-दहा समीकरणं हाताखालून गेली की बसतो.